सहा वर्षं रिकामं दुकान

माझ्या नाकावर राग असतो, हे आमच्या क्लासमध्ये नव्या विद्यार्थ्याला फी भरायच्या आधी कळतं. जुने विद्यार्थीच सांगतात. भंडाऱ्याजवळच्या शहापूरला हायवेच्या कडेला, सिमेंटच्या दुकानावरच्या मजल्यावर आमची कॉम्प्युटरची संस्था आहे आणि तिथे मी पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवते. वर्षभराचा डिप्लोमा. खाली ट्रक उभा राहून पोती उतरू लागली की वर आमचे मॉनिटर थरथरतात, पण मी थांबत नाही. माझा आवाज ट्रकपेक्षा मोठा आहे, असंही जुने विद्यार्थी सांगतात.

अभ्यासक्रमात दहा प्रयोग. त्यातला सातवा म्हणजे छोट्या दुकानाच्या मालाचा हिशोब. वस्तू नावाचा एक क्लास, म्हणजे नोंदीचा साचा, करायचा आणि प्रत्येक वस्तूची सहा गोष्टींची नोंद ठेवायची: नाव, एकक, कोणत्या फळीवर आहे, भाव, किमान किती असायला हवी, आणि शिल्लक किती. शिल्लक त्या किमानाइतकी किंवा त्याहून कमी झाली की प्रोग्रामने त्या वस्तूपुढे ‘मागवा’ असं छापायचं. एवढंच. पण नवी वस्तू तयार होताना या सहाही गोष्टी तिच्यात भरणारा जो भाग असतो, `__init__`, तो हाताने लिहायचा असा माझा दंडक होता. सहा नावं कंसात घ्यायची, मग खाली सहा ओळी: `self.nav = nav`, `self.ekak = ekak`, आणि असंच पुढे. कंटाळवाणं काम आहे, मला मान्य आहे. पण गिरवल्याशिवाय हात बसत नाही, असं माझं ठाम मत होतं, आणि माझी मतं सगळी ठामच असतात.

सातव्या प्रयोगाचं नमुना पान मी सहा वर्षांपूर्वी स्वतः तयार केलं होतं. ते छापून, प्लास्टिकमध्ये घालून प्रयोगशाळेच्या भिंतीवर लावलं. मुलं त्यावरून टाइप करत, मग जर्नलमध्ये पेनाने उतरवत, आणि पुढच्या वर्षीची मुलं आधीच्यांच्या जर्नलवरून उतरवत. जर्नलवर माझी सही झाल्याशिवाय प्रात्यक्षिक परीक्षेला बसता येत नाही. त्यामुळे वर्षभर माझ्याकडे ढुंकूनही न पाहणारी पोरं शेवटच्या आठवड्यात फार विनयाने वागतात.

त्या वर्षी पस्तीस जण होते. त्यात एक बाई, आंधळगावची. पस्तिशीची असेल. घरचं किराणा दुकान, सासूबरोबर गल्ल्यावर बसायची. रोज सकाळी निघून भंडाऱ्यात गाडी बदलून यायची. गावच्या राईस मिलमध्ये गोदामाच्या नोंदी कॉम्प्युटरवर ठेवायची जागा निघाली होती आणि मालकाने तिला सांगितलं होतं, या परीक्षेचा कागद आण, जागा तुझी. नाहीतर दुसरा एक जण दारात उभाच होता. हे तिने मला पहिल्या महिन्यातच सांगून टाकलं होतं. दया यावी म्हणून नाही. लवकर शिकवा म्हणून.

तिचा एक दोष होता. ती प्रश्न विचारायची.

‘‘मॅडम,’’ सातव्या प्रयोगाच्या दिवशी ती म्हणाली, ‘‘एकच नाव तीनदा काहून लिहा लागते?’’

‘‘कुठे तीनदा?’’

‘‘कंसात एकदा, self च्या पुढे एकदा, अन् बरोबरच्या चिन्हापुढे एकदा. सहा नावं, अठरा वेळा. दुकानात मी असं लिहिलं तं सासू म्हणन का पोरीचं डोकं फिरलं.’’

वर्ग हसला. माझं डोकं फिरलं.

‘‘इथे तुझी सासू नाही, मी आहे,’’ मी म्हणाले. ‘‘लिहा म्हटलं की लिहायचं.’’

तिने मान डोलावली. मला वाटलं, ऐकलं.

आठ दिवसांनी, शनिवारी, जर्नल तपासायला बसले. सोमवारी परीक्षा. चौतीस जर्नलांवर सह्या झाल्या. सातवा प्रयोग उघडायचा, शेवटी आउटपुटमध्ये ‘मागवा, मागवा, मागवा’ अशी रांग दिसली की टिक करायची. मला तर ती रांग पाहिली की समाधान वाटायचं. प्रोग्राम चालला, एवढं त्यावरून कळतं. मग तिचं जर्नल आलं. त्यात `__init__` नव्हतंच. त्या जागी हे होतं:

```
from dataclasses import dataclass

@dataclass
class Vastu:
    nav: str
    ekak: str
    phali: str
    bhav: float
    shillak: int
    kiman: int = 5
```

‘‘हे काय आहे वं?’’

‘‘डेटाक्लास, मॅडम. वरती ते एक चिन्ह लावाचं अन् खाली नुसती नावं लिहाची. init तो स्वतःच बनवते. पायथॉनच्या माहितीच्या पानावरच आहे, मोबाइलवर वाचलं.’’

डेटाक्लास म्हणजे काय हे मला ठाऊक होतं. ठाऊक असून मी शिकवत नव्हते, हा माझा मोठेपणा होता. मी तिला कोंडीत पकडायला बसले.

‘‘शिल्लकपुढे int, म्हणजे पूर्ण संख्या, असं लिहिलंस. मी तिथे ‘बारा’ हा शब्दच पाठवला तर?’’

‘‘घेते मॅडम. करून पाह्यलं. तो अडवत नाही, ते आपल्यालेच पाहा लागते.’’

‘‘किमान शेवटी कायले घेतलं? नमुन्यात शिल्लकच्या आधी आहे.’’

‘‘पहिले तसंच घेतलं होतं. पण किमानले मी पाच अशी ठरलेली किंमत देली ना, अन् त्याच्या खाली शिल्लक बिना किमतीची राहिली, तं त्यानं चालवलंच नाही. चूक दाखवली. मंग ज्याले किंमत देली ते खाली नेलं.’’

‘‘आणि वस्तू बनवताना शिल्लकच्या जागी किमान टाकलंस तर? क्रम चुकला तर?’’

‘‘म्हून मी नावं घेऊनच भरते. shillak बरोबर बारा, kiman बरोबर पाच. मंग क्रमाचा प्रश्नच नाही.’’

प्रत्येक उत्तर बरोबर. बरोबर उत्तरांनी माणसाला इतका राग येऊ शकतो हे मला त्या दिवशी कळलं. मी पान उलटलं, आणि माझा जीव भांड्यात पडला. तिच्या आउटपुटमध्ये आठ वस्तू होत्या, तांदूळ, मीठ, पोहे, जवस, गूळ, साबण, लाखोरी डाळ आणि सुतळी. पण ‘मागवा’ फक्त शेवटच्या दोघींपुढे होतं. डाळ आणि सुतळी. बाकी सहांपुढे काही नाही.

‘‘हे पाहा!’’ मी जवळजवळ आनंदाने म्हणाले. ‘‘चौतीस जणांचं आउटपुट एक आणि तुझं वेगळं. सगळ्यांकडे सगळ्या वस्तूंपुढे ‘मागवा’ येतं. शॉर्टकट मारले की असं होतं.’’

तिने शेजारचं एक जर्नल ओढून पाहिलं. ‘‘मॅडम, पण यायच्या दुकानात मीठ दोनशे किलो आहे. तरी मागवा?’’

‘‘आउटपुट जुळलं पाहिजे.’’

‘‘सगळंच संपलं तं त्याले दुकान कोण म्हणन, मॅडम?’’

सहा वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी स्वतःलाही नाही. त्या क्षणी मी थांबून एक मिनिट विचार करायला हवा होता. मी लाल पेन उचललं, तिच्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: ‘आउटपुट चूक. पुन्हा करा.’ आणि सही केली नाही.

‘‘सोमवारी सकाळी नऊला नमुन्यासारखं हाताने लिहून आण. तरच सही. नाहीतर परीक्षेला बसता येणार नाही.’’

तिचा चेहरा उतरला. मिलच्या जागेचं नाव तिने काढलं नाही. काढलं असतं तर मी आणखी चिडले असते. जर्नल पिशवीत घालून ती जिन्याने खाली गेली, आणि मी मनाशी म्हणाले, शिस्त लागेल. तिला इतकं वाईट वाटत असताना मी हे वाक्य किती सहज म्हणाले, ते आठवलं की आजही लाज वाटते.

सोमवारी नऊ वाजता ती आली. अठरा नावं, सहा ओळी, सगळं हाताने लिहिलेलं, सुबक अक्षर. टाइप करूनही आणलं होतं. तिने ते माझ्यासमोर चालवलं.

डाळ. सुतळी. बाकी काही नाही.

‘‘पुन्हा तेच!’’ मी म्हणाले.

‘‘हो मॅडम. डेटाक्लासनंही तेच येते, हातानं लिहूनही तेच येते.’’ ती फार हळू बोलत होती. ‘‘घरी मी खरोखर फळीवर मोजून पाह्यलं. डाळ अन् सुतळीच कमी आहे. बाकी भरपूर आहे.’’

‘‘थांब. तुझी चूक मी काढून देते,’’ असं म्हणून मी भिंतीवरचं नमुना पान काढलं आणि तिच्या जर्नलशेजारी ठेवलं. एक बोट तिच्या ओळीवर, एक माझ्या ओळीवर. नाव, नाव. एकक, एकक. फळी, फळी. भाव, भाव. किमान. तिथे माझ्या पानावरचं बोट थांबलं. तिच्याकडे होतं:

```
self.kiman = kiman
```

आणि माझ्याकडे:

```
self.kiman = shillak
```

मी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. ओळ तीच होती. सहा वर्षांपूर्वी मी आधी शिल्लकची ओळ लिहिली, ती उचलून चिकटवली, डावीकडचं नाव बदललं आणि उजवीकडचं तसंच राहिलं. नंतर ओळी वर-खाली केल्या, पान छापलं, प्लास्टिकमध्ये घातलं. पायथॉनने एका शब्दाने तक्रार केली नाही, कारण त्याच्या दृष्टीने सगळं ठीक होतं: किमान म्हणजे जी शिल्लक असेल ती. आणि शिल्लक स्वतःइतकी नेहमीच असते. म्हणून प्रत्येक वस्तूपुढे ‘मागवा’. मीठ दोनशे किलो असो की दोन हजार, मागवा. सहा वर्षं आमच्या संस्थेची सगळी दुकानं माल भरलेला असताना रिकामी होती, आणि मी त्यांना टिक करत होते. गिरवून हात बसतो म्हणत होते. हात बसला होता खरा, चुकीवर.

‘‘माय वं,’’ माझ्या तोंडून निघालं.

तिनेही पाहिलं. ती हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

‘‘मॅडम, म्हून मी म्हणत होती,’’ ती म्हणाली, ‘‘नाव एकदाच लिहिलं का डावं-उजवं जुळवाची भानगडच नाही राहत.’’

मी पेन उचललं आणि तिच्या जर्नलवर सही केली. पण सही केली ती शनिवारच्या पानाच्या खाली, आणि त्याच पानावर माझ्याच अक्षरात ‘आउटपुट चूक’ असं लाल शाईत होतं. खोडायला गेले तर ते आणखी ठळक झालं. साडेनऊ वाजत आले होते, मुलं जिना चढत होती. मी तिला म्हणाले, ‘‘आत्ता कोणाला बोलू नको.’’ चौतीस जणांना चूक सांगायला वेळ नाही, असं मी स्वतःला पटवलं. वेळ अर्धा तास होता. धैर्य नव्हतं. नमुना पान मी ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि कुलूप लावलं.

बाहेरचे परीक्षक नागपूरहून येतात. सहा वर्षं तेच येत होते. आले की आधी तर्रीपोहे, मग जर्नलं. एका हाताने पोहे, दुसऱ्या हाताने पानं. सातव्या प्रयोगाशी आले की ‘मागवा’ची रांग पाहून मान डोलवायचे. त्यांचंही समाधान माझ्यासारखंच होतं.

तिचा नंबर आला. त्यांनी तिला डेटाक्लासबद्दल दोन-तीन प्रश्न विचारले, तिने मला दिली होती तीच उत्तरं दिली. तिने एक वस्तू छापून दाखवली तर पडद्यावर नाव, एकक, शिल्लक सगळं नीट आलं. इतरांची छापली की नुसता मेमरीतला पत्ता येत होता. साहेब खूश. मग त्यांनी पान उलटलं आणि चमचा हवेत राहिला.

‘‘मॅडम, इथे ‘आउटपुट चूक’ लिहिलंय. आणि खाली तुमची सही. चूक आहे तर सही कशी? आणि हिचं आउटपुट सगळ्यांपेक्षा वेगळं का?’’

मी तोंड उघडणार, त्याआधी तीच बोलली.

‘‘सर, मॅडमनं नमुन्याच्या पानात मुद्दाम चूक ठेवली होती. कोण शोधते ते पाहासाठी. मले सापडली. म्हून सही भेटली.’’

मी तिच्याकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

‘‘वा!’’ परीक्षक म्हणाले. ‘‘मॅडम, हे फार छान. असं कोणी करत नाही. मी वरती कळवतो.’’ संस्थेचे मालक दारात उभे होते, ते छाती फुगवून आत आले. आणि मी, मी हसले. खरंच हसले. सहा वर्षांचा मूर्खपणा एका वाक्यात हुशारी झाला होता आणि ती कौतुकाची ऊब, काय सांगू, छान वाटत होती.

‘‘मग आता असं करू,’’ परीक्षकांनी पेनाचं टोपण काढलं. ‘‘हिला पूर्ण मार्क. आणि ज्या चौतीस जणांना चूक सापडली नाही, त्यांचे या प्रयोगाचे सगळे मार्क कापू. न वाचता उतरवलंय ना? धडा मिळेल.’’

त्यातली निम्मी पोरं काठावर पास होणारी होती, मला प्रत्येकाचं माहीत होतं. तिचा चेहरा पांढरा पडला. तिने मला वाचवायला खोटं सांगितलं होतं आणि ते खोटं आता चौतीस जणांच्या गळ्याशी आलं होतं. तिने खरं सांगितलं असतं तर ती खोटारडी ठरली असती, परीक्षकांसमोर, मिलची जागा हातातोंडाशी आलेली असताना. तिला ते सांगायला लावणं म्हणजे हद्दच होती.

‘‘सर, थांबा,’’ मी म्हणाले. माझा आवाज, जो ट्रकपेक्षा मोठा असतो, तो मलाच ऐकू येईना. ‘‘चूक मुद्दाम नव्हती. माझी होती. हिने माझी लाज राखायला तसं सांगितलं. ते पान सहा वर्षांपासून चूकच आहे. शनिवारी हिने बरोबर आणलं तेव्हा मीच ते चूक ठरवलं आणि हिची सही अडवली.’’

मालकांची छाती जागेवर गेली. परीक्षकांनी कपाटाकडे पाहिलं, जिथे मागच्या वर्षांची जर्नलं ठेवलेली असतात. कपाटाकडून नजर पुन्हा पोह्यांवर आली.

‘‘सहा वर्षं?’’ त्यांनी विचारलं.

‘‘हो सर.’’

‘‘सहाही वर्षं इथे परीक्षक...’’

‘‘तुम्हीच होता, सर.’’

त्यांनी पेनाला टोपण लावलं. पोह्यांचा एक घास खाल्ला. ‘‘थंड झाले,’’ असं म्हणाले. आणि मग, कोणाकडेही न पाहता, ‘‘मार्क कोणाचेच कापायचे नाहीत. मुलांनी नमुन्यासारखंच केलंय ना. हिला पूर्ण.’’

ती पास झाली. महिन्याभरात मिलमध्ये लागलीही. रुजू व्हायच्या आदल्या दिवशी जर्नल न्यायला आली तेव्हा मी तिला विचारलं, ‘‘कायले खोटं बोलली वं?’’

‘‘तुमी माह्यासाठी सही केली ना मॅडम. चूक कोणाची ते कळल्यावर केली,’’ ती म्हणाली. ‘‘मले वाटलं, तुमचंही काही अडू नये.’’

मी कपाटातून तिचं जर्नल काढलं, पदराने पुसलं आणि तिच्या पिशवीत घातलं.

पुढच्या वर्षी मी सातव्या प्रयोगाचं पान बदललं. आता भिंतीवर डेटाक्लास आहे, सहा नावं, प्रत्येक एकदाच. उदाहरण म्हणून खाली तिच्याच आठ वस्तू घातल्या, तिला विचारून. ‘हे फक्त उदाहरण, तुम्ही आपापल्या गावच्या दुकानातला खरा माल भरा,’ असं वर्गात बजावून सांगितलं. ओरडून सांगितलं.

शेवटच्या आठवड्यात जर्नलं आली. मी पहिल्यांदाच आउटपुट वाचायला बसले. पहिल्या जर्नलमध्ये दिघोरीचं दुकान, ‘मागवा’ लाखोरी डाळ आणि सुतळी. दुसरं पवनीकडचं, लाखोरी डाळ आणि सुतळी. तिसरं, चौथं, दहावं. बत्तीसच्या बत्तीस दुकानांत लाखोरी डाळ आणि सुतळी संपलेली. बाकी सगळीकडे मीठ, पोहे, गूळ, साबण भरपूर.

मी एकाही जर्नलवर सही केली नाही. बत्तीसही जणांना खाली सिमेंटच्या दुकानात पाठवलं, म्हटलं, खरी पोती मोजून या, तेव्हा वर या. दुकानदार अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

मग मी तिला मिलमध्ये फोन लावला आणि सगळं सांगितलं. मागे धान भरडण्याचा आवाज होता. ती इतकी हसली की तिला फोन दूर धरावा लागला.

‘‘मॅडम,’’ शेवटी ती म्हणाली, ‘‘ते डाळ अन् सुतळी तं मी परीक्षेच्या दुसऱ्याच दिवशी मागवली होती.’’